आपलीच जाहिरात आपल्याच वाटेत

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती चालवणाऱ्या मेटाच्या खात्यात एकाच वेळी तीन-चार कॅम्पेन सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. आपण आपल्याशीच बोली लावतो आहोत, म्हणून जाहिरात महाग पडते आहे, असे ती करणाऱ्याचे म्हणणे असते. नुकसान होते हे त्याचे म्हणणे बरोबर असते, पण त्याने दिलेले कारण बहुतेक वेळा चुकीचे असते. कारण चुकले की उपायही चुकतो, आणि मग माणूस बोलीची मर्यादा खाली-वर करत बसतो. म्हणून आधी लिलावात प्रत्यक्षात काय घडते ते पाहू आणि मग एका खात्याचे आकडे मांडू.

एखाद्या व्यक्तीने इन्स्टाग्राम उघडून बोट वर सरकवले की जाहिरातीची एक जागा तयार होते आणि त्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. या लिलावात नुसती पैशांची बोली मोजली जात नाही. बोलीला, त्या व्यक्तीने अपेक्षित कृती करण्याच्या अंदाजित शक्यतेने गुणले जाते, त्यात जाहिरातीच्या दर्जाची भर पडते, आणि जी बेरीज येते तिला एकूण मूल्य म्हणतात. ज्याचे एकूण मूल्य जास्त, त्याची जाहिरात दिसते. समजा, एका ऑर्डरसाठी तुमची बोली ४०० रुपये आहे आणि समोरची व्यक्ती ऑर्डर देण्याची शक्यता अर्धा टक्का आहे, तर दर्जाचा भाग बाजूला ठेवून त्या जागेसाठी तुमचे मूल्य २ रुपये झाले. दुसऱ्या अ‍ॅड सेटला, म्हणजे कॅम्पेनमधल्या स्वतःचा लोकसमूह असलेल्या जाहिरातींच्या गटाला, त्याच व्यक्तीबद्दल ०.८ टक्के शक्यता वाटत असेल, तर त्याचे मूल्य ३ रुपये २० पैसे होईल.

आता हे दोन्ही अ‍ॅड सेट तुमचेच असतील तर काय होते? दोघेही लिलावात उतरून एकमेकांची किंमत वाढवतात, असा समज आहे, पण तसे होत नाही. एकाच जाहिरातदाराचे एकाहून अधिक अ‍ॅड सेट एकाच लिलावासाठी पात्र ठरले, तर ज्याचे एकूण मूल्य सर्वांत जास्त तो एकटाच पुढे पाठवला जातो आणि बाकीचे त्या लिलावापुरते बाहेर बसतात. वरच्या उदाहरणात ३ रुपये २० पैशांचा अ‍ॅड सेट उतरेल आणि त्याची गाठ परक्या जाहिरातदाराच्या समजा २ रुपये ६० पैशांशी पडेल. तुमचा २ रुपयांचा अ‍ॅड सेट त्या खोलीत नसेलच, त्यामुळे त्याने किंमत वाढवण्याचा प्रश्न येत नाही. या घटनेला लिलावातील ओव्हरलॅप म्हणतात. स्वतःशी स्पर्धा हा शब्द सगळेच वापरतात, पण खरे तर ही स्पर्धा लिलावाच्या दाराबाहेर, घरातल्या घरात उरकते.

मग नुकसान कुठे होते? ते दोन ठिकाणी होते, आणि दोन्ही ठिकाणे पहिल्या नजरेत दिसत नाहीत.

पहिले ठिकाण बाहेर बसलेल्या अ‍ॅड सेटचे आहे. ज्या लोकांसाठी तो तयार केला होता, त्यातले बरेचसे लोक वारंवार भावंडाच्या वाट्याला जातात, म्हणून त्याचे दिवसाचे बजेट खर्ची पडत नाही, किंवा उरलेल्या, कमी अनुकूल लोकांमध्ये खर्च होते. त्याहून मोठी अडचण शिकण्याची आहे. नवा अ‍ॅड सेट सुरू झाला, किंवा त्यात मोठा बदल केला, की तो लर्निंग फेजमध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्रणा शिकते त्या टप्प्यात, जातो. त्यातून बाहेर पडण्यासाठी ज्या कृतीसाठी तो चालवला आहे अशा सुमारे ५० कृती एका आठवड्यात मिळाव्या लागतात. एकाच लोकसमूहातून येणाऱ्या ऑर्डरी चार अ‍ॅड सेटमध्ये वाटल्या गेल्या, तर एकूण संख्या पुरेशी असूनही एकही अ‍ॅड सेट पन्नाशी गाठत नाही आणि चौघांसमोर `Learning limited` ही पाटी लागते.

दुसरे ठिकाण फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसते त्याचे आहे, आणि ते जास्त फसवे आहे. भावंडांपैकी एकच पुढे जातो हा नियम एका लिलावापुरता असतो. तीच व्यक्ती दिवसातून वीस वेळा फोन उघडते, प्रत्येक वेळी नवे लिलाव होतात, आणि सकाळी ज्या लिलावात ‘अ’ गेला, तसल्याच दुपारच्या लिलावात ‘ब’ जाऊ शकतो, संध्याकाळी ‘क’. प्रत्येक अ‍ॅड सेट आपण या व्यक्तीला किती वेळा दिसलो याचा हिशेब आपल्यापुरता ठेवतो. पाहणाऱ्याला मात्र अ, ब, क असे काही माहीत नसते. त्याला एकाच दुकानाची जाहिरात तीनदा दिसलेली असते.

हे आकड्यांत पाहू. पुढचे खाते कल्पनेतले आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण अशी रचना लहान व्यवसायांच्या खात्यांत नेहमी दिसते. देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या पुण्यात घरपोच विकतो. हंगाम मार्च ते मेचा, म्हणजे प्रयोग करायला जेमतेम दहा-बारा आठवडे हातात असतात. दिवसाचे बजेट ५,००० रुपये आहे आणि ते चार कॅम्पेनमध्ये वाटले आहे. प्रत्येक कॅम्पेनमध्ये एकच अ‍ॅड सेट आहे. ‘अ’ मध्ये पुण्यातले २५ ते ५५ वयाचे, खाद्यपदार्थ आणि सेंद्रिय शेती यांत रस असलेले लोक आहेत आणि त्याला रोज १,५०० रुपये आहेत. ‘ब’ मध्ये गेल्या वर्षीच्या ग्राहकांच्या यादीवरून बनवलेला एक टक्क्याचा लुकअलाइक, म्हणजे त्या ग्राहकांशी सर्वांत जास्त साम्य असलेल्या लोकांचा समूह आहे, तोही पुण्यापुरता, आणि त्यालाही १,५०० रुपये आहेत. ‘क’ मध्ये गेल्या ३० दिवसांत संकेतस्थळावर येऊन गेलेले लोक आहेत, ‘ड’ मध्ये गेल्या ९० दिवसांत इन्स्टाग्राम पानाशी काही ना काही संबंध आलेले लोक आहेत, आणि या दोघांना प्रत्येकी रोज १,००० रुपये आहेत.

एका आठवड्यानंतर बागायतदार रिपोर्ट उघडतो. ‘अ’ ची जाहिरात ६०,००० लोकांना मिळून १,२०,००० वेळा दिसली, म्हणजे फ्रिक्वेन्सी २. ‘ब’ ची ४०,००० लोकांना १,००,००० वेळा, म्हणजे २.५. ‘क’ ची ९,००० लोकांना ४५,००० वेळा आणि ‘ड’ ची ११,००० लोकांना ५५,००० वेळा, म्हणजे दोघांची ५. त्याला वाटते, नव्या लोकांना आठवड्यातून दोन-अडीच वेळा आणि ओळखीच्या लोकांना पाच वेळा जाहिरात दिसते आहे, यात वावगे काही नाही. चार ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर त्याचे बरोबरच आहे.

आता बेरीज करू. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात दिसण्याच्या वेळा, त्या सरळ जोडता येतात, आणि त्या ३,२०,००० होतात. रीच म्हणजे माणसे, आणि माणसे अशी जोडता येत नाहीत, कारण ‘ब’ मधला माणूस ‘अ’ मध्येही असू शकतो. कागदावर ही बेरीज १,२०,००० होते, पण खात्याच्या पातळीवर मेटा एका माणसाला एकदाच मोजते आणि तिथे रीच ८०,००० दिसतो. म्हणजे खात्याची खरी फ्रिक्वेन्सी ३,२०,००० भागिले ८०,०००, बरोबर ४ आहे. चार ओळींच्या फ्रिक्वेन्सीची सरासरी, माणसांचे वजन धरून काढली, तर २.७ च्या आसपास येते. २.७ आणि ४ यांच्यातले अंतर म्हणजे ओव्हरलॅप. रीचच्या बेरजेत जे ४०,००० जास्तीचे लोक दिसत होते ते लोक नव्हतेच, ती पुन्हा मोजलेली तीच माणसे होती.

चार ही सरासरी आहे, आणि सरासरी नेहमी मवाळ बोलते. खरे दुखणे ‘क’ आणि ‘ड’ मध्ये आहे. संकेतस्थळावर आलेला माणूस बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवरूनच आलेला असतो, म्हणून हे दोन समूह एकमेकांत मिसळलेले असतात. आपल्या उदाहरणात ‘क’ चे ९,००० आणि ‘ड’ चे ११,००० मिळून खरी माणसे १४,००० च आहेत, कारण ६,००० जण दोन्हीकडे आहेत. त्यांना या दोन अ‍ॅड सेटनी मिळून १,००,००० वेळा जाहिरात दाखवली. म्हणजे पडद्यावर दोन्ही ओळींत ५ लिहिले असले तरी या लोकांची फ्रिक्वेन्सी सातच्या वर आहे, तीही फक्त या दोन अ‍ॅड सेटपुरती. यातले बरेच लोक पुण्यातलेच, त्याच वयाचे आणि आंब्यात रस असलेले असल्यामुळे ते ‘अ’ आणि ‘ब’ मध्येही आहेत. चारही ठिकाणी सापडलेल्या माणसाला प्रत्येक अ‍ॅड सेटच्या सरासरीइतकी जाहिरात दिसली असे धरले, तर त्याच्या वाट्याला आठवड्यात चौदा-पंधरा वेळा पेटीचा तोच फोटो येतो.

पैशाच्या बाजूनेही हेच दिसते. आठवड्यात ‘क’ आणि ‘ड’ वर १४,००० रुपये गेले आणि ते १४,००० लोकांवर गेले, म्हणजे माणशी एक रुपया. ‘अ’ आणि ‘ब’ वर २१,००० रुपये गेले आणि त्या दोघांनी मिळून ७५,००० लोक गाठले, म्हणजे माणशी २८ पैसे. ओळखीच्या माणसावर जास्त खर्च करण्यात चूक नाही, पण हे प्रमाण कोणी ठरवून ठेवलेले नव्हते. दोन समूह एकमेकांवर पडले आणि ते आपोआप तयार झाले.

ऑर्डरी पाहिल्या तर लर्निंगचे दुखणेही उघडे पडते. ‘अ’ कडून २२, ‘ब’ कडून ३०, ‘क’ कडून २२ आणि ‘ड’ कडून १७ ऑर्डरी आल्या. एकूण ९१ झाल्या, पण चौघांपैकी एकानेही पन्नाशी गाठली नाही.

इथे किमतीचा प्रश्न पुन्हा येतो, आणि आता त्याचे उत्तर नीट देता येते. बागायतदाराला ‘क’ आणि ‘ड’ चे हजार इम्प्रेशन १४० रुपयांना पडत आहेत आणि दुसऱ्या आठवड्यात हा आकडा चढतो आहे. त्याचा पहिला संशय स्वतःच्या बोलीवर जातो. प्रत्यक्षात, जो माणूस तोच फोटो सातव्यांदा पाहतो त्याने त्यावर बोट टेकवण्याची शक्यता उतरलेली असते. लिलावाच्या सूत्रात ही शक्यता गुणाकारात असल्यामुळे एकूण मूल्य उतरते, आणि तेवढ्याच जागा जिंकण्यासाठी आता जास्त पैसे मोजावे लागतात. जाहिरात लपवणाऱ्यांची संख्या वाढली तर दर्जाचा भागही घसरतो. म्हणजे ओव्हरलॅपमुळे जाहिरात महाग होते हे खरे आहे, पण ती बोलीच्या रस्त्याने महाग न होता कंटाळ्याच्या रस्त्याने होते. बोलीवर मर्यादा घालून हा कंटाळा जात नाही.

हे आपल्या खात्यात होते आहे का, हे ओळखण्याची सर्वांत सोपी जागा अ‍ॅड्स मॅनेजरच्या तक्त्याच्या अगदी खालची बेरजेची ओळ ही आहे, आणि बहुतेक जण तिच्याकडे पाहतच नाहीत. तक्त्यात `Reach` आणि `Frequency` हे स्तंभ लावावेत, कालावधी ७ दिवसांचा ठेवावा, आणि वरच्या ओळींतल्या रीचची कॅल्क्युलेटरवर बेरीज करून ती खालच्या ओळीतल्या रीचशी ताडून पाहावी. तिथला आकडा पुनरावृत्ती वगळून आलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले तर ओव्हरलॅप नगण्य आहे. आपल्या उदाहरणासारखा तिसरा हिस्सा गळाला, तर पुढे शोधायला हवे. मग फिल्टर लावून फक्त दोन-दोन अ‍ॅड सेट तक्त्यात ठेवावेत आणि प्रत्येक जोडीची खालची ओळ पाहावी. कोणती जोडी सर्वांत जास्त मिसळलेली आहे ते यातून दहा मिनिटांत कळते. तारखेचा पल्ला मात्र प्रत्येक वेळी तोच ठेवावा, कारण रीच दिवसागणिक जोडला जात नाही आणि ३० दिवसांची फ्रिक्वेन्सी ७ दिवसांच्या फ्रिक्वेन्सीशी ताडून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरे साधन `Audiences` या विभागात आहे. तिथे दोन ते पाच समूह निवडून `Show audience overlap` म्हटले की कोणता समूह कोणात किती मिसळला आहे ते टक्क्यांत दिसते. समूह फार लहान असला तर हे दिसत नाही. या टक्क्यांना अनेक जण फसतात. टक्केवारी कोणत्या समूहाच्या हिशेबाने काढली आहे ते आधी पाहावे लागते. ‘क’ सारख्या १०,००० च्या समूहातले ९,००० लोक १०,००,००० च्या समूहात असतील, तर लहान समूहाच्या बाजूने ओव्हरलॅप ९० टक्के आहे आणि मोठ्याच्या बाजूने एक टक्क्याहूनही कमी. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि निर्णय घेताना लहान समूहाची बाजू महत्त्वाची आहे, कारण दाटी तिथल्या लोकांची होते.

शिवाय समूहांचा ओव्हरलॅप ही फक्त शक्यता असते. दहा-दहा लाखांचे दोन समूह अर्धे मिसळलेले असले, पण दोघांना रोज ५०० रुपये असले, तर ते एकमेकांच्या वाटेत क्वचितच येतील. विहिरीवर दोघेच पाणी भरणारे असले की दोरखंड अडकत नाहीत. लिलावात प्रत्यक्ष किती वेळा गाठ पडली ते `Inspect` या पाहणीत, ज्या अ‍ॅड सेटला ती उपलब्ध असते तिथे, `Auction overlap` या नावाखाली दिसते. अ‍ॅड सेटची तपासणी करायची तर तिथला आकडा जास्त विश्वासाचा, कारण तो घडलेल्या गोष्टीचा असतो.

आता दुरुस्तीकडे येऊ. बागायतदाराचा पहिला प्रश्न ‘अ’ आणि ‘ब’ चा आहे. दोघांनी गाठलेल्या लोकांची बेरीज १,००,००० आणि खरे लोक ७५,०००, म्हणजे २५,००० जण सामाईक. माझ्या मते हे दोन अ‍ॅड सेट वेगळे ठेवण्याचे एकही कारण आज उरलेले नाही. रस आणि आवडी निवडून समूह वेगळे करण्याची सवय जुनी आहे, पण आता मेटाच्या अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्समध्ये निवडलेली आवड ही सूचना समजली जाते आणि जिथे परिणाम दिसतो तिथे यंत्रणा त्या कुंपणाबाहेर जाते. ‘अ’ ला खाद्यपदार्थ सांगितले आणि ‘ब’ ला लुकअलाइक सांगितला, तरी दोघेही काही दिवसांत पुण्यातल्या त्याच आंबे घेणाऱ्या घरांपाशी येऊन उभे राहतात. म्हणून ‘अ’ बंद करावा आणि त्याचे बजेट ‘ब’ मध्ये घालावे. दोघांच्या मिळून आठवड्याला ५२ ऑर्डरी येत होत्या. त्या सगळ्या नाही, पण बऱ्याचशा एका अ‍ॅड सेटमध्ये आल्या तरी पन्नाशी टप्प्यात येते. नवा तिसरा अ‍ॅड सेट उघडण्याचा मोह टाळावा, कारण चालत्या अ‍ॅड सेटने शिकलेले त्यात येत नाही.

‘क’ आणि ‘ड’ हेही एकत्र करावेत. संकेतस्थळावर आलेले आणि इन्स्टाग्रामवर संबंध आलेले, असे दोन्ही समूह एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकता येतात, आणि मग सामाईक ६,००० लोकांची फ्रिक्वेन्सी दोन हिशेबवह्यांत न राहता एकाच वहीत येते. बजेट कमी करणे हा याचा महत्त्वाचा भाग आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. दोन अ‍ॅड सेट एकत्र करून त्यांचे बजेट २,००० च ठेवले, तर १४,००० लोकांना पूर्वीइतक्याच वेळा जाहिरात दिसेल आणि फक्त रिपोर्टमधला ५ चा आकडा ७ होईल. आकडा खरा होईल एवढाच फायदा. बजेट रोज ७०० रुपये केले, आणि हजार इम्प्रेशनला १४० रुपये पडत राहिले, तर आठवड्यात ४,९०० रुपयांत ३५,००० इम्प्रेशन मिळतील आणि फ्रिक्वेन्सी अडीचच्या आसपास येईल. उरलेले १,३०० रुपये ‘ब’ ला द्यावेत, पण ‘ब’ ला ‘अ’ चे १,५०० आणि हे १,३०० असे एका झटक्यात मिळाले तर बजेट जवळजवळ तिप्पट होते. एवढी मोठी उडी मोठा बदल धरली जाऊ शकते आणि लर्निंग पुन्हा सुरू होते. आंब्याच्या हंगामात हे मार्चच्या पहिल्या आठवड्यात करावे. एप्रिलच्या मध्याला, ऑर्डरी भरात असताना, खात्यात अशी उलथापालथ करू नये.

तिसरे काम भिंत बांधण्याचे. ‘ब’ मधून ‘क’ आणि ‘ड’ चे लोक वगळावेत, म्हणजे नव्या लोकांसाठीचा पैसा ओळखीच्यांवर जाणार नाही. आवडी ही सूचना असली तरी वगळलेला कस्टम ऑडियन्स, म्हणजे आपल्याच ग्राहकांच्या किंवा येऊन गेलेल्यांच्या नोंदींवरून बनवलेला समूह, ही पक्की भिंत असते. दोन्हीकडून नुकतेच खरेदी केलेले लोकही वगळावेत. किती दिवसांचे खरेदीदार वगळायचे हे माल पाहून ठरवावे लागते. संकेतस्थळावरच्या घटनांवरून बनवलेला समूह १८० दिवसांपर्यंत ठेवता येतो, आणि सोफा विकणाऱ्याने तो पूर्ण वापरावा. पण चार डझनांची पेटी अढीतून काढून संपवायला एका घराला साधारण दहा-बारा दिवस लागतात आणि मग तेच घर पुन्हा पेटी घेते. इथे १८० दिवसांची भिंत म्हणजे हंगामाचा सर्वांत चांगला ग्राहक बाहेर ठेवणे झाले. दहा दिवस पुरेत.

ही भिंत पूर्ण बंद होत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. आयफोनवर माग काढण्याची परवानगी नाकारलेले, किंवा पिक्सेलच्या, म्हणजे संकेतस्थळावर बसवलेल्या मेटाच्या नोंद ठेवणाऱ्या कोडच्या, नजरेतून सुटलेले लोक संकेतस्थळाच्या समूहात बऱ्याचदा येत नाहीत, म्हणून त्यांना वगळताही येत नाही. ग्राहकांच्या फोन क्रमांकांची यादी चढवली तरी त्यातले सगळे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून दुरुस्तीनंतर खात्याची खालची ओळ आणि वरच्या ओळींची बेरीज तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये.

एक फसवे वेगळेपण आपल्याकडे फार दिसते, ते भाषेचे. मराठी जाहिरातीचे एक कॅम्पेन आणि हिंदी जाहिरातीचे दुसरे, दोन्ही पुण्यासाठी, अशी रचना करताना करणाऱ्याला वाटते की लोक आपोआप दोन भागांत वाटले गेले. जाहिरातीची भाषा बदलल्याने समूह बदलत नाही. पुण्यातल्या ज्या माणसाला मराठी जाहिरात दिसते, त्यालाच दुपारी हिंदी दिसते, आणि फोनची भाषा तर बहुतेकांची इंग्रजीच असते, म्हणून भाषेच्या निवडीनेही फारसे साधत नाही. दोन्ही जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये ठेवल्या, तर कोणाला कोणती दाखवायची ते एका हिशेबात ठरते. शहरांची भिंत त्या मानाने खरी असते. बागायतदाराने पुढे मुंबईसाठी वेगळे कॅम्पेन काढले तर ते पुण्याशी फार मिसळणार नाही. थोडे मिसळेलच, कारण मेटावर ठिकाण निवडले की तिथे राहणाऱ्यांबरोबर अलीकडे तिथे येऊन गेलेलेही त्यात धरले जातात, आणि दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने ये-जा करणारी माणसे दोन्ही याद्यांत सापडतात. एवढ्यासाठी घरपोच सेवेचे दोन वेगळे हिशेब एकत्र करण्यात अर्थ नाही.

फ्रिक्वेन्सीवर थेट मर्यादा घालावी, असेही सुचवले जाते. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचण्यासाठीच्या कॅम्पेनमध्ये, उदाहरणार्थ ७ दिवसांत २ वेळा, अशी मर्यादा घालता येते. पण ती त्या अ‍ॅड सेटपुरती असते. दोन अ‍ॅड सेटना प्रत्येकी २ ची मर्यादा घातली, तर दोन्हीकडे असलेल्या माणसाला जाहिरात ४ वेळा दिसू शकते. मर्यादा पाळली जाते आणि ओव्हरलॅपही तसाच राहतो.

कोणती जाहिरात चांगली, हे पाहण्यासाठी एकाच समूहावर दोन अ‍ॅड सेट शेजारी-शेजारी चालवणे ही या दुखण्याची आणखी एक बाजू आहे. भावंडांपैकी ज्याला पहिल्या दोन दिवसांत योगायोगाने चार ऑर्डरी जास्त मिळाल्या, त्याची अंदाजित शक्यता वर जाते, सामाईक लोकांसाठी तोच पुढे पाठवला जातो, आणि दुसरा मागे पडतो. आठवड्याने दिसणारा विजय चांगल्या फोटोचा होता की चांगल्या सुरुवातीचा, हे त्यातून सांगता येत नाही. तुलनाच करायची असेल तर ए-बी टेस्ट हा वेगळा पर्याय वापरावा, ज्यात लोक दोन गटांत असे वाटले जातात की एका गटाला दुसरी जाहिरात दिसत नाही.

फ्रिक्वेन्सी चार किंवा सहा झाली म्हणजे आपत्ती आली असे नाही. हापूससारख्या तीन महिन्यांच्या मालाला थोडी दाटी परवडते, आणि पाडव्याच्या आठवड्यात ती मुद्दाम केलीही जाते. धोका ओळखायचा तर तीन आकडे एकत्र पाहावेत. फ्रिक्वेन्सी चढते आहे, क्लिकचे प्रमाण उतरते आहे आणि एका ऑर्डरचा खर्च वाढतो आहे, असे तिन्ही एकाच आठवड्यात दिसले तर लोक संपले आहेत. फक्त पहिला आकडा चढला आणि बाकी दोन जागेवर राहिले, तर काही करण्याची गरज नाही.

आपल्या उदाहरणातला बागायतदार दुरुस्ती केल्यावर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडेल तेव्हा त्याला एक गोष्ट खटकेल. एकत्र केलेल्या ओळखीच्या लोकांच्या अ‍ॅड सेटसमोर `Learning limited` ही पाटी कायम असेल, कारण ‘क’ आणि ‘ड’ मिळूनही ३९ ऑर्डरी होत्या आणि आता बजेट निम्म्याहून कमी आहे. ती पाटी घालवण्यासाठी बजेट वाढवणे म्हणजे पुन्हा सातच्या फ्रिक्वेन्सीला जाणे. १४,००० लोकांचा समूह आठवड्याला ५० ऑर्डरी देण्याइतका मोठा नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ आहे, आणि ती तशीच राहू द्यावी. ‘ब’ ची पाटी मात्र दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गेली पाहिजे. नाही गेली, तर खालच्या बेरजेच्या ओळीकडे पुन्हा जावे आणि ‘ब’ च्या वाटेत आता कोण उभे आहे ते शोधावे. बहुतेक वेळा कोणीतरी मधल्या काळात ‘बूस्ट’चे बटण दाबून इन्स्टाग्रामची एखादी पोस्ट पुण्यातच चालवलेली असते, आणि ती याच खात्यात पाचवे कॅम्पेन होऊन बसलेली असते.